फूल गेल्यावर पात

ऑक्टोबर लागला की पुण्यातल्या गच्च्यांवर ॲमॅरिलिसचे कांदे उपटायची घाई सुरू होते. उन्हाळ्यात फुलं येऊन गेलेली असतात, पावसाळाभर पात वाढलेली असते, आणि आता कांद्यांना ‘विश्रांती’ द्यायची म्हणून माणसं खुरपं घेऊन बसतात. माझ्या ओळखीतले एक मावशी-भाचे या बाबतीत अगदी दोन टोकांना आहेत. भाच्याच्या गच्चीवर कुंड्यांमध्ये हॉलंडहून आलेल्या संकरित जाती आहेत: लाल, पांढऱ्या, गुलाबी रेघांच्या, पसरल्या पंजाएवढ्या फुलांच्या. मावशीचं घर रत्नागिरी जिल्ह्यात. तिथे अंगणात, गडग्याच्या कडेला, तिच्या सासूने लावलेली नारिंगी लिली आहे. वंश एकच, हिपिॲस्ट्रम. मूळ गाव दक्षिण अमेरिका. नारिंगी लिली आपल्याकडे इतकी रुळली आहे की ती परदेशी आहे हे कुणाच्या मनातही येत नाही.

मावशी पुण्याला आली त्या सकाळी भाचा गच्चीत वर्तमानपत्र पसरून बसला होता.

मावशी: अरे, पात हिरवीगार आहे आणि तू कांदे काढायला निघालास?

भाचा: आत्ता काढले तर फेब्रुवारीत लावता येतील. पाकिटावर स्वच्छ लिहिलंय, आठ ते दहा आठवडे कोरड्यात, अंधारात, 13 अंशांच्या आसपास. त्याशिवाय पुन्हा फूल नाही.

मावशी: माझ्या अंगणातल्या लिलीला कोण अंधारात ठेवतं? चाळीस वर्षं झाली, एक कांदा मी हलवलेला नाही. चैत्र-वैशाखात फुलं येतातच.

भाचा: तुझ्याकडे ते काम पाऊसच करतो गं. दसरा झाला की तुमच्या जांभ्याच्या मातीत थेंब पडत नाही. तू काही त्या लिलीला बादलीने पाणी घालत नाहीस. पौष-माघापर्यंत तिची पात पिवळी पडून जमिनीला टेकते की नाही?

मावशी: टेकते.

भाचा: मग तीच विश्रांती. तुला ती फुकट मिळते, म्हणून दिसत नाही.

मावशी: बरं, कोरडं मिळतं हे मान्य. पण तुझे 13 अंश? आमच्याकडे माघातसुद्धा रात्री पातळ चादरीवर भागतं. थंडी नाही, कपाट नाही, तरी फुलं येतात. मग थंडीचं काम काय?

या प्रश्नावर भाचा थोडा थांबला, आणि थांबण्यासारखाच तो प्रश्न आहे. ट्युलिपला खरोखर थंडी लागते. ती मिळाली नाही तर दांडा नीट उंचावत नाही. हिपिॲस्ट्रमला तशी अट नाही. हॉलंडचे व्यापारी कांदे शरद ऋतूत काढतात आणि गार गोदामात ठेवतात, कारण त्यांना हजारो कांदे एकाच आठवड्यात, नाताळच्या सुमारास, फुलवून विकायचे असतात. 13 अंशांच्या आसपास आतली कळी मरत नाही, हळूहळू तयार होत राहते, पण बाहेर पडायची घाई करत नाही. मग उबेत आणून पाणी दिलं की सगळ्यांचे दांडे बरोबरीने निघतात. पाकिटावरची सूचना या वेळापत्रकातून आलेली आहे. ती खोटी नाही, पण तिने कळी तयार होत नाही. असलेली कळी कधी बाहेर यावी, एवढंच ती ठरवते.

भाचा: ठीक आहे, थंडी सोडून देऊ. पण कोरडी विश्रांती तरी हवीच. हा बघ, हा लाल. गेली दोन वर्षं दहा-दहा आठवडे कपाटात ठेवला. दोन्ही वर्षं नुसती पानं. आता मी याला बारा आठवडे ठेवणार आहे.

मावशी: दोन वर्षं औषध लागू पडलं नाही म्हणून तेच औषध जास्त? आण इकडे. हा मऊ लागतोय बुडाला.

कांदा एका बाजूने खरंच दबत होता आणि मुळांजवळ कुबट वास येत होता. फेकायचाच होता, म्हणून मावशीने स्वयंपाकघरातली नव्हे, बागेतली सुरी मागितली (या कांद्यात लायकोरीन नावाचं विष असतं; ती सुरी पुन्हा भाजीला लावायची नाही, आणि कापलेले तुकडे मांजर-कुत्र्याच्या वाटेत ठेवायचे नाहीत). तिने कांदा देठापासून बुडापर्यंत उभा चिरला.

मावशी: हे पापुद्रे दिसतात ना, ही सगळी जुन्या पानांची बुडं. पान वाळून गळलं तरी बूड आत राहतं आणि तेच जाड होतं. बाहेरून मोजत ये.

भाचा: एक, दोन, तीन... चौथ्याचं बूड अर्धवटच आहे. पूर्ण वेढा नाही.

मावशी: आणि त्या चौथ्याला चिकटून काय आहे?

भाचा: काहीतरी चपटं, तपकिरी. कागदासारखं. घाण आहे का?

मावशी: ती कळी होती. पुढे मोज.

पुन्हा चार पापुद्रे, पुन्हा एक वाळकी चपटी कळी. त्याहून आत, गाभ्याकडे, तांदळाच्या कणीएवढा एक पांढरा, जिवंत टिपूस.

ॲमॅरिलिसचा सगळा हिशेब या चिरलेल्या कांद्यात आहे. कांद्याच्या गाभ्यात चार पानं तयार होतात, मग एक कळी. पुन्हा चार पानं, पुन्हा कळी. पिकल्या कांद्यात हे चक्र वर्षात साधारण दोनदा फिरतं, म्हणून चांगल्या कांद्याला आठ-दहा पानं आणि दोन दांडे येतात. आज जी कळी कणीएवढी आहे ती बाहेर यायला वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. म्हणजे येत्या मार्चमध्ये दिसणारं फूल गेल्या पावसाळ्याच्याही आधीपासून आत बसलेलं असतं. भाच्याच्या कांद्यात कळ्या तयार होत होत्या. त्यांना वाढायला पुरेसा साठा नव्हता, म्हणून त्या आतल्या आतच वाळत होत्या. कपाटात दहा आठवडे ठेवा नाहीतर बारा, वाळलेली कळी उठत नाही.

भाचा: साठा का नव्हता पण? मी फुलानंतर खत घातलं होतं.

मावशी: फुलानंतर कुंडी कुठे होती?

भाचा: जिन्यात. फूल संपलं, नुसती पात लोंबत होती, गच्चीत बरी दिसेना म्हणून तिकडे सरकवली. पाणी घालत होतो.

मावशी: पानं किती आली?

भाचा: तीन. लांब होती पण, माझ्या हाताएवढी.

मावशी: लांब आली कारण उजेड शोधत होती. तीन पानं, तीही सावलीतली. चार पानांमागे एक कळी लागते, आणि ती कळी पोसायला पुन्हा पानंच लागतात. तू फुलासाठी कुंडी उन्हात ठेवलीस आणि पानांसाठी जिन्यात. उलटं करायला हवं होतं. फूल आल्यावर कुंडी सावलीत ने, फूल चार दिवस जास्त टिकतं. फूल गेलं की उन्हात.

कांद्याची तपासणी न चिरताही करता येते. फुलताना कांद्यातला बराच साठा खर्च होतो आणि तो हाताला हलका, थोडा सैल लागतो. पावसाळ्याच्या शेवटी तोच कांदा पुन्हा टणक आणि निदान पूर्वीइतक्या घेराचा व्हायला हवा. दोरी गुंडाळून घेर मोजावा. 20 सेंटिमीटरच्या आतल्या कांद्याकडून मोठ्या फुलांच्या जातींत फारशी आशा धरू नये. दोन मोसमांत घेर घटला असेल तर चुकतंय ते पानांच्या काळात. विश्रांतीच्या तारखा बदलून काही होणार नाही.

भाचा: मग फूल सुकल्यापासून सांग. मी तर पूर्ण दांडाच छाटून टाकतो.

मावशी: दांडा हिरवा आहे तोवर तोही पानाचं काम करतो. नुसती सुकलेली फुलं आणि त्यांच्यामागची हिरवी गाठ खुडायची. गाठ ठेवलीस तर बी धरतं आणि कांद्यातलं तिकडे जातं. दांडा पिवळा पडून लवला की मग काप, कांद्याच्या मानेच्या दोन बोटं वर.

भाचा: बी धरू दिलं तर?

मावशी: धर की, हौस असेल तर. काळं, कागदासारखं बी येतं, ताजं पेरलं की लगेच रुजतं. पण तीन-चार वर्षं थांब, आणि फूल आईसारखंच येईल असं नाही.

भाच्याला बी धरायची हौस आहे हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ही हौस जुनी आहे: हिपिॲस्ट्रमचा पहिला संकर 1799 मध्ये लँकेशायरमधल्या आर्थर जॉन्सन नावाच्या एका घड्याळजीने केला. लाल पाकळीवर मधोमध पांढरा पट्टा असलेला तो ‘जॉन्सोनी’ आजही जुन्या बागांमध्ये दिसतो.

मावशी: ऊन एकदम देऊ नकोस. मेमध्ये फरशी तापलेली असते. जिन्यातली कुंडी थेट मांडलीस तर पात भाजून पांढरी पडेल. आधी सकाळचं ऊन दे, आठ-दहा दिवसांनी जागा बदल. पाऊस सुरू झाला की पूर्ण उघड्यावर.

भाचा: आणि खत? मी 19:19:19 देतो, लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांनी.

मावशी: मी शेणखत आणि चुलीची राख घालते. तुझे आकडे मला कळत नाहीत, पण राखेने कांदा घट्ट होतो एवढं माहीत आहे.

भाचा: राखेत पालाश असतं. म्हणजे जुलैपर्यंत हे समतोल खत, ऑगस्टपासून पालाश जास्त असलेलं, आणि सप्टेंबरअखेर बंद. बरोबर?

मावशी: बरोबर. नुसती पात माजवणारं खत नको. लुसलुशीत हिरवी, मऊ पात आली की अळीला बरंच.

अळीचा विषय निघाल्यावर दोघंही एका बाजूला झाले. जून-जुलैत पानाच्या मागे अंड्यांचा पुंजका दिसतो आणि आठवड्याभरात काळ्या अंगावर पांढरे-पिवळे ठिपके असलेल्या अळ्या पात खाऊ लागतात. लहान असताना त्या पानाच्या दोन पडद्यांमध्ये शिरतात. पान तिथे कागदासारखं पारदर्शक होतं. तिथेच पकडल्या नाहीत तर त्या मानेतून कांद्यात उतरतात आणि आतलं सगळं चिखल करून टाकतात. भाचा औषध फवारतो. मावशी अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन अळ्या वेचते आणि साबणाच्या पाण्यात टाकते. दहा-बारा कुंड्या असतील तर मावशीची पद्धत पुरेशी आहे, फक्त पावसाळ्यात एकही आठवडा चुकवता येत नाही. एका आठवड्यात सगळी पात जाते, आणि पात गेली म्हणजे पुढच्या वर्षीचं फूल गेलं.

भाचा: माझ्या दोन कांद्यांच्या पानांवर लाल रेघा आल्यात. ती बुरशी ना?

मावशी: पान जिथे दुखावतं तिथे हे झाड लालच होतं. नखाने ओरखडा काढून बघ, दोन दिवसांत रेघ दिसेल.

भाचा: सगळ्याच लाल रेघा ओरखड्याच्या नसतात, मावशी. हे बघ, इथे डाग खोलगट आहे आणि दांडा त्या बाजूला वाकलाय. ओरखडा असा पसरत नाही. ही ‘स्टॅगोनोस्पोरा’, लाल डागांची बुरशी. वरून पाणी घातलं, मानेत पाणी साचलं की वाढते.

मावशी: मग ती पानं कापून टाक आणि कुंडी वेगळी ठेव. आणि झारी पानांवर धरू नकोस, कडेने पाणी घाल.

इथे भाच्याचं बरोबर होतं आणि मावशीने ते लगेच मान्य केलं. दुसऱ्या एका मुद्द्यावर मात्र तिला मान्य करायला वेळ लागला, तो म्हणजे कांदे काढण्याचा. जमिनीतली लिली आणि कुंडीतली लिली यांना एकच नियम लावता येत नाही. कोकणातल्या उताराच्या मातीतून पाणी निघून जातं. भाच्याच्या कुंड्यांमध्ये कोकोपीट भरपूर होतं, वरून कोरडं आणि तळाशी नोव्हेंबरपर्यंत ओलं. पान वाळलं, मुळं पाणी घेईनाशी झाली आणि माती ओली राहिली, की कांदा बुडापासून सडतो. चिरलेला कांदा असाच सडत होता.

भाचा: म्हणून मी काढतो. ओल्या कोकोपीटमध्ये विश्रांती देण्यापेक्षा कपाट बरं.

मावशी: काढताना मुळांचं काय करतोस?

भाचा: कापतो. स्वच्छ दिसतो कांदा.

मावशी: तिथेच मार खातोस. याची मुळं दर वर्षी नवी येत नाहीत, ही जाड मुळं वर्षानुवर्षं टिकतात. तू ती कापलीस की फेब्रुवारीत कांदा आधी मुळं करायला बसतो. दांडा आला तरी त्याला पाणी ओढायला कुणी नाही. मग ठेंगणा दांडा, लहान फूल. दुकानातल्या कांद्याचं चालतं, कारण तो शेतात तीन-चार वर्षं पोसून आणलेला असतो, त्याच्या अंगात साठा असतो. तुझ्या कांद्याच्या अंगात काय आहे ते आत्ता चिरून बघितलंस.

भाचा: मग ओल्या मातीचं काय करू?

मावशी: माती बदल, कांदा हलवू नकोस. म्हणजे या वेळी हलव, एकदाच. मुळांसकट काढ, निम्मी माती, बाकी जाड वाळू आणि शेणखत, मातीची कुंडी, कांद्यापेक्षा दोन-तीन बोटंच मोठी. खांदे मातीच्या वर, एक तृतीयांश कांदा बाहेर. त्यानंतर तीन वर्षं हात लावू नकोस.

भाचा: आत्ता ऑक्टोबरमध्ये बदलू?

मावशी: आत्ता नको, पात अजून काम करतेय. ऑक्टोबरचं ऊन याच्यासाठी सोनं आहे, ते फुकट घालवू नकोस. पाणी मात्र कमी करत जा. नोव्हेंबरच्या मध्यावर बंद कर आणि कुंड्या गच्चीच्या छपराखाली घे, अवकाळी पाऊस आला तर आत शिरायला नको. पात आपोआप पिवळी होईल. पिवळं पान ओढल्यावर हातात येतं, ते काढ. हिरव्याला हात लावू नको. माती बदलायची ती जानेवारीअखेर, पाणी सुरू करायच्या आधी.

भाचा: आणि पात पिवळी पडलीच नाही तर? माझी एक-दोन डिसेंबरातही हिरवीच असतात.

मावशी: राहू दे. दोन पानं हिरवी राहिली म्हणून फूल अडत नाही. माती कोरडी झाली, वाढ थांबली, एवढं पुरे.

हे ऐकताना भाच्याची नजर कोपऱ्यातल्या एका कुंडीकडे गेली. तीत ‘पॅपिलिओ’ होती. हिरवट पांढऱ्या पाकळ्या, त्यावर काळपट लाल रेघा, फुलपाखरासारखं फूल. मूळची दक्षिण ब्राझीलच्या किनारी जंगलातली. गेल्या वर्षी तीही त्याने कपाटात ठेवली होती आणि ती निम्मी सुकून बाहेर आली.

भाचा: हिला पण छपराखाली?

मावशी: ही कोणती, मला माहीत नाही. आमच्याकडे नाही.

भाचा: मला माहीत आहे. ही बारमाही हिरवी. हिची पात झडतच नाही. विश्रांती दिली की ही आधी पात गमावते, मग फूल.

मावशी: मग हिचं पाणी थंडीत कमी कर, बंद नको. तुझ्या कपाटाचा नियम हिला लागू नाही, आणि माझ्या अंगणाचाही नाही.

मग गोष्ट पुन्हा फेब्रुवारीवर आली. भाच्याची सवय अशी की तारीख आली की सगळ्या कुंड्यांना भरभरून पाणी. मावशीच्या अंगणात तारीख नसते. ऊन वाढतं, माती तापते, आणि एक दिवस मानेतून टोक डोकावतं. हे टोक ओळखायला शिकलं की अर्धी चिंता जाते. पानाचं टोक पातळ आणि निमुळतं असतं. दांड्याचं टोक जाड, चपटं, मधोमध किंचित चीर असलेलं, आणि ते बहुधा मानेच्या मध्यातून न येता एका बाजूने येतं, कारण कळी चौथ्या पानाच्या कडेला बसलेली असते.

भाचा: टोक दिसेपर्यंत थांबू, की आधीच पाणी?

मावशी: माती बदललीस की एकदा ओली कर आणि थांब. टोक हलायला लागलं की आठवड्याला एकदा. दांडा वीतभर झाला की मग नेहमीसारखं. मुळं जागी व्हायच्या आधी पाणी घातलंस तर कांदा सडेल.

भाचा: आणि टोक पातळ निघालं तर? पानंच आली तर?

मावशी: तर ते वर्ष पानांचं. पाणी दे, ऊन दे, खत दे. त्या वर्षी तुला आठ पानं मिळाली तर पुढच्याची सोय झाली. पुन्हा कपाटात टाकून शिक्षा करू नकोस.

भाचा: आता तुझं सांगू? गेल्या वैशाखात मी तुझ्याकडे होतो. गडग्याजवळ चाळीस तरी कांदे असतील, आणि दांडे मोजून सात.

मावशी: यंदा उन्हाळा फार होता.

भाचा: उन्हाळा नाही. चाळीस वर्षं हलवले नाहीस म्हणतेस ना? पिल्लांवर पिल्लं झालीत, एकमेकांच्या अंगावर चढलीत. मी उकरून बघितलं, निम्मे कांदे लिंबाएवढे आहेत. एवढ्या गर्दीत कुणालाच चार धड पानं मिळत नाहीत. ते वेगळे करायला हवेत.

मावशी: सासूबाईंनी लावलेत ते.

भाचा: त्या जागेवरून नाही काढायचे गं. नुसते विरळ करायचे. मोठे तिथेच, पिल्लं पलीकडच्या पाटाला, वीतभर अंतरावर. पिल्लांना फूल यायला दोन-तीन वर्षं लागतील.

मावशी: कधी करायचं म्हणतोस?

भाचा: वैशाखात फुलं झाली की. पावसाच्या आधी. म्हणजे पावसाळाभर पात वाढेल.

मावशी: मुळं कापायची नाहीत.

भाचा: नाही कापणार.